जोड आडनाव आणि अर्जातल्या चौकटी

लग्नानंतर माहेरचं आडनाव न सोडता त्यालाच सासरचं जोडून घेणाऱ्या स्त्रिया आता आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरही गावोगाव दिसतात. लग्नपत्रिकेवर, दारावरच्या पाटीवर ते जोड आडनाव छान दिसतं. दोन आडनावांच्या मध्ये एक छोटी आडवी रेघ असते. व्याकरणात तिला संयोगचिन्ह म्हणतात, बोलताना आपण हायफन म्हणतो. अडचण सुरू होते ती अर्ज भरायला बसल्यावर. एक अर्ज ती रेघ घेतच नाही. दुसरा घेतो, पण आडनाव अर्ध्यावर तोडतो. तिसरा दोन आडनावांतलं एक उचलून भलत्याच रकान्यात टाकतो. अलिबागला लोकांचे अर्ज भरून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे आणि ते नीट समजलं, तर बहुतेक अर्ज बिनघोर भरता येतात.

ही रेघ नेमकं काय काम करते, ते आधी पाहू. आपल्याकडे पूर्ण नाव तीन शब्दांचं: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. जोड आडनाव असलं की शब्द चार होतात. त्या चारांपैकी कोणते दोन मिळून आडनाव होतं, हे वाचणाऱ्याला ती रेघ सांगते. तिचं काम इतकंच, पण ते काढून घेतलं, तर दुसऱ्या कोणी तरी ते करायला हवं. दुसरं कोण करतं, हे पाहायचं आणि कोणीच करत नसेल तिथे सावध राहायचं. आजच्या सगळ्या सांगण्याचं सार एवढंच आहे.

आपल्या भागात आडनावाला आडनाव जोडण्याची गरज नवी नाही. अलिबाग-उरण पट्ट्यातल्या कित्येक गावांत म्हात्रे, पाटील, ठाकूर इतके, की नुसत्या आडनावावरून घर सापडत नाही. गावावरून पडलेली आडनावंही पुष्कळ. हिंदूंत चौलकर, नागावकर आहेत, तसे बेने इस्रायली समाजात रोहेकर, पेणकर, किहीमकर आहेत. खुद्द आंग्रे घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. माणसं आडनावं बदलत, वाढवत आली. फरक इतकाच, की पूर्वी ती कारकुनाच्या वहीत लिहिली जात. वहीच्या ओळीत जागा कमी पडली, तर कारकून बारीक अक्षर काढी. संगणकाला बारीक अक्षर काढता येत नाही.

नमुन्यासाठी आपण एक मुद्दाम लांब नाव घेऊ. समजा, अनुराधा हेमंत चौलकर-श्रीवर्धनकर. ही कोणी खरी बाई नाही, पण अडचणी तिच्या अगदी खऱ्या आहेत. इंग्रजीत तिचं आडनाव CHAULKAR-SHRIVARDHANKAR. पहिलं ८ अक्षरांचं, दुसरं १४ अक्षरांचं आणि मधली रेघ धरून एकूण २३ जागा लागतात.

आता अर्ज रेघ का नाकारतो? अर्जाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नावाच्या रकान्यात काय चालेल, याची यादी दिलेली असते. पुष्कळदा त्या यादीत इंग्रजी २६ अक्षरं आणि मोकळी जागा एवढंच असतं. रकान्यात आकडे, स्वल्पविराम, ईमेलचं चिन्ह असं काहीबाही येऊ नये, हा त्यामागचा हेतू. माहितीसाठ्याशी बोलण्याच्या एसक्यूएल नावाच्या भाषेत लागोपाठ दोन रेघा आल्या, की पुढचा मजकूर शेरा समजून सोडून दिला जातो. त्याचा गैरफायदा कोणी घेऊ नये, म्हणूनही काही जण रेघ सरसकट बंद करतात. एकट्या रेघेने काही बिघडत नाही, पण ओल्याबरोबर सुकंही जळतं.

कधी कधी रेघ चालणारी असते, पण आपण दिलेली रेघच वेगळी असते. कीबोर्डावर शून्याच्या शेजारी जी रेघ आहे, तिचा संगणकातला क्रमांक ४५. वर्डमध्ये मजकूर टाइप करताना रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली, तर वर्ड तिची आपोआप लांब रेघ करतो आणि तिचा क्रमांक असतो ८२११. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात, संगणकाला त्या दोन निराळ्या खुणा. म्हणून दुसरीकडून नाव उचलून अर्जात चिकटवलं आणि ते नाकारलं गेलं, तर आधी ती रेघ खोडून कीबोर्डावरून पुन्हा टाइप करून पाहावी. निम्म्या वेळा काम तिथेच होतं.

तरीही नाकारलं, तर रेघेच्या जागी एक मोकळी जागा सोडावी. इथे लोक घाबरतात, की नाव बदललं म्हणून. पण ज्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आहे, तिथे रेघेचं काम त्या रकान्याच्या भिंतीच करतात. आडनावाच्या रकान्यात CHAULKAR SHRIVARDHANKAR असे दोन शब्द असले, की ते दोन्ही मिळून आडनाव, यात शंका राहत नाही. पॅनच्या अर्जात आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव असे तीन वेगळे रकाने असतात. तिथे रेघेऐवजी जागा सोडल्याने अर्थ बदलत नाही.

अर्थ बदलतो तो दुसऱ्याच गोष्टीने. आडनावाच्या रकान्यात दोन शब्द बसेनात, म्हणून माहेरचं आडनाव मधल्या नावाच्या रकान्यात ढकललं जातं. मग आमच्या नमुन्यातल्या बाईंचं मधलं नाव होतं ‘हेमंत चौलकर’ आणि आडनाव उरतं नुसतं श्रीवर्धनकर. छापून आलेल्या कागदावर शब्द त्याच क्रमाने दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण आतल्या नोंदीत आडनाव एकच असतं. पुढे दुसऱ्या खात्याने नुसतं आडनाव जुळवायला घेतलं, की गाडी अडते. अशी चूक ओळखायची असेल, तर छापलेलं पूर्ण नाव पाहून भागत नाही. अर्ज पाठवण्यापूर्वी जो गोषवारा पडद्यावर येतो, त्यात प्रत्येक रकान्यासमोर काय आहे, ते वाचावं लागतं.

काही अर्ज तर मोकळी जागाही घेत नाहीत. तिथे दोन्ही आडनावं जोडून CHAULKARSHRIVARDHANKAR असं लिहिण्यावाचून इलाज नसतो. हा शेवटचा उपाय. कारण एकदा जोडलेले शब्द कुठे तोडायचे, हे यंत्राला कळत नाही, परक्या माणसालाही कळत नाही. ऑनलाइन असं करावं लागलं, तर त्याच अर्जात ‘ओळखपत्राप्रमाणे नाव’ असा दुसरा रकाना आहे का, ते शोधावं. तिथे नाव सुटं लिहावं.

आता दुसरा प्रकार पाहू. तो अधिक फसवा आहे. इथे आडनावाचा वेगळा रकाना नसतो, सबंध नावाला एकच लांब रकाना असतो. आधार कार्डावरचं नाव असंच एका ओळीत असतं. इथे भिंती नाहीत, म्हणून रेघ गेली, की तिचं काम फक्त शब्दांच्या क्रमावर येऊन पडतं. अनुराधा हेमंत चौलकर श्रीवर्धनकर असा क्रम असेल, तर निभावतं, कारण आडनाव शेवटी येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी लिहितात. शाळा-कॉलेजच्या अर्जांतही तीच रीत. तिथे रेघ गाळून CHAULKAR SHRIVARDHANKAR ANURADHA HEMANT असं लिहिलं, तर तीन शब्दांची सवय असलेला माणूस किंवा प्रोग्रॅम काय वाचेल? आडनाव चौलकर, मुलीचं नाव श्रीवर्धनकर, वडिलांचं नाव अनुराधा आणि शेवटचा हेमंत उपराच. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आईवडिलांची दोन्ही आडनावं जोडून लावणाऱ्या मुलांच्या प्रवेशाच्या वेळी नेमकं हेच होतं.

म्हणून एकाच रकान्यात नाव लिहायचं असेल आणि रेघ चालत नसेल, तर अर्जावर आडनाव आधी मागितलं आहे का, हे पहिल्यांदा पाहावं. मागितलं नसेल, तर आडनाव शेवटी लिहावं. मागितलंच असेल, तर तो अर्ज पाठवण्याआधी गोषवारा तपासावा आणि नाव चुकीच्या ठिकाणी तुटलेलं दिसलं, तर संबंधित कार्यालयात कागदी दुरुस्ती द्यावी. एखाद्या यादीत आपलं नाव सापडत नसेल, तेव्हाही हे लक्षात ठेवावं. चौलकर म्हणून ‘सी’मध्ये शोधावं, श्रीवर्धनकर म्हणून ‘एस’मध्ये शोधावं आणि पहिल्या नावावरून ‘ए’मध्येही पाहावं.

अर्ज तयार करणाऱ्याने थोडा विचार केला, तर हा घोळ टळतो, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज निघाले. त्यात लग्नापूर्वीचं पूर्ण नाव आणि लग्नानंतरचं पूर्ण नाव असे दोन वेगळे रकाने होते. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, हे अर्जच सांगत होता. दोन आडनावं एका रकान्यात कोंबायची गरज उरली नाही.

तिसरी अडचण लांबीची. समजा, एका कागदी अर्जात आडनावाला २० चौकटी आहेत आणि एका चौकटीत एकच अक्षर लिहायचं आहे. आपल्याला हव्यात २३. रेघेच्या जागी मोकळी जागा सोडली, तरी तिलाही एक चौकट लागते, म्हणजे २३च. जोडून लिहिलं, तरी २२. म्हणजे रेघ काढून इथे काहीच साधत नाही. अशा वेळी पहिलं आडनाव पूर्ण लिहावं, एक चौकट मोकळी सोडावी आणि दुसरं आडनाव जिथे जागा संपेल तिथे थांबवावं: CHAULKAR SHRIVARDHAN. बरोबर २० चौकटी. पहिल्या आडनावातली अक्षरं गाळू नयेत, कारण सूचीतला शोध पहिल्या अक्षरापासून होतो. दोन्ही आडनावांची नुसती आद्याक्षरं लिहिणं तर सगळ्यात वाईट, कारण त्यावरून मूळ नाव परत जुळवता येत नाही. आणि एका अर्जात शेवट तोडला, तर दुसऱ्या अर्जात सुरुवात तोडू नये. नाव तोडल्याचं कळावं, म्हणून शेऱ्याच्या जागी किंवा सोबतच्या पत्रात पूर्ण नाव लिहावं.

पडद्यावरच्या अर्जात लांबीची अडचण गुपचूप येते. काही रकाने जागा संपली, की अक्षर घेणं थांबवतात, ते निदान दिसतं. काही मात्र पूर्ण नाव घेतात आणि साठवताना शेपूट तोडतात. तिथे चूक कळते ती पोचपावती किंवा कार्ड हातात आल्यावर. म्हणून पोचपावतीवरच्या आडनावाचं शेवटचं अक्षर पाहण्याची सवय लावून घ्यावी.

या सगळ्या गोंधळात एक कागद मात्र शिस्तीचा आहे, तो म्हणजे पासपोर्ट. जगभरच्या पासपोर्टचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते. फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. पहिल्या ओळीत आधी ५ जागा कागदाचा प्रकार आणि देश यांना, उरलेल्या ३९ नावाला. त्या ओळीत रेघ नसतेच. रेघ असो की मोकळी जागा, दोन्हीच्या जागी बाणाच्या टोकासारखी एक खूण येते. आणि आडनाव कुठे संपलं, हे सांगायला अशा दोन खुणा लागोपाठ येतात. आमच्या नमुन्याची ओळ अशी होईल:

```
P<INDCHAULKAR<SHRIVARDHANKAR<<ANURADHA<HEMAN
```

चौलकर आणि श्रीवर्धनकर यांच्यात एक खूण, म्हणजे ते एकच आडनाव. पुढे दोन खुणा, म्हणजे आडनाव संपलं. रेघेचं काम इथे नियमानेच दुसऱ्याकडे सोपवलेलं आहे. शेवटी हेमंतमधला ‘टी’ गळला आहे, तेही पाहा. नावाला एकूण ४० जागा हव्या होत्या, मिळाल्या ३९. ओळीच्या अगदी शेवटच्या जागेवर अक्षर आलं, तर नाव तुटलेलं असू शकतं, हे वाचणाऱ्या यंत्रणेला ठाऊक असतं. पूर्ण नाव वर छापलेलं असतंच. तेव्हा या ओळीत एखादं अक्षर कमी दिसलं, म्हणून पासपोर्ट दुरुस्तीला टाकू नये.

विमानाच्या तिकिटावर आणखी वेगळं दिसतं. बहुतेक आरक्षण यंत्रणा रेघही घेत नाहीत आणि जागाही ठेवत नाहीत, म्हणून आडनाव जोडून येतं. पुष्कळदा पहिल्या नावाला ‘मिसेस’ही चिकटलेलं असतं. बोर्डिंग पासवरच्या चौकोनी खुणेत तर नावाला २० जागा असतात, म्हणजे आमच्या नमुन्याचं नुसतं आडनावही तिथे मावत नाही. विमानतळावरच्या लोकांना याची सवय आहे. आखाती देशांत किंवा जहाजावर नोकरीला जाणारे आपल्या श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडचे पुष्कळ लोक एवढ्याशा जोडाक्षरी तिकिटाने धास्तावतात, त्याचं कारण नाही. अडवलं जाऊ शकतं ते तिकिटावर एकच आडनाव आणि पासपोर्टवर दोन असतील तर. म्हणून तिकीट काढणाऱ्याला नाव फोनवर सांगू नये, पासपोर्टचं पान दाखवावं.

पॅनबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकू येतो. पॅनच्या दहा खुणांपैकी चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असतं आणि पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. अनुराधाबाईंनी लग्नापूर्वी पॅन काढला असेल, तर तिथे ‘सी’ असेल. लग्नानंतर त्यांनी श्रीवर्धनकर हे आडनाव पुढे घेतलं, तरी तो ‘सी’ तसाच राहतो. नाव बदललं, तरी पॅन क्रमांक बदलत नाही. त्या एका अक्षरासाठी दुसरा पॅन काढायला जाऊ नये, एका व्यक्तीला दोन पॅन ठेवता येत नाहीत. आधारशी जोडणी करताना नावात थोडाफार फरक असेल, तर मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने काम होईल, पण जन्मतारीख आणि लिंग तंतोतंत जुळलं पाहिजे, असं प्राप्तिकर खात्याने २०१७ साली स्पष्ट केलं होतं. रेघेच्या जागी मोकळी जागा, हा फरक थोडाफार. एकीकडे नुसतं चौलकर आणि दुसरीकडे नुसतं श्रीवर्धनकर, हा फरक मोठा. तिथे आधी एका ठिकाणचं नाव बदलून घ्यावं लागतं. १ जुलै २०२३ पासून न जोडलेले पॅन निष्क्रिय होऊ लागले, तेव्हा बँकेत आणि प्राप्तिकराच्या परताव्यात ज्यांचं काम अडलं, त्यांत अशा दोन आडनावांच्या बायका माझ्याकडेही आल्या. बहुतेकींच्या बाबतीत दोष रेघेचा नव्हताच. एकीकडे चौलकरचं स्पेलिंग ‘एयू’ने होतं, दुसरीकडे ‘ओयू’ने. म्हणून रेघेला बोल लावण्यापूर्वी अक्षरं एकेक करून ताडून पाहावी.

मग करायचं काय? आधी आपलं आडनाव रेघेशिवाय कसं लिहायचं, ते एकदाच ठरवावं. दोन आडनावं, ठरलेल्या क्रमाने, मध्ये एक जागा. हे रूप बहुतेक सगळ्या अर्जांत बसतं. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा तिथे पाऊल विचारपूर्वक टाकावं. जोड आडनाव रीतसर लावायचं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जुनं नाव आणि नवं नाव अशी जाहिरात देता येते. विवाह नोंदणीचा दाखलाही दोन नावांमधला पूल होतो. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागताना एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर जोड आडनाव निघालं, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. त्यात रेघेचं, मोकळ्या जागेचं आणि जोडून लिहिलेलं अशी तिन्ही रूपं नमूद करून घ्यावी, म्हणजे पुन्हा पुन्हा प्रतिज्ञापत्र करावं लागत नाही.

नावं पुढच्या काळात आखूड होणार नाहीत, लांबच होतील. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं, की १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचं. तो निर्णय ज्या खात्याचा, त्या महिला व बालविकास खात्याच्या तेव्हाच्या मंत्री आपल्या श्रीवर्धनच्याच आमदार. त्यांच्या दालनाबाहेर आदिती वरदा सुनील तटकरे अशी पाटी लागली. म्हणजे साध्या आडनावाच्या मुलाचं नावही आता चार शब्दांचं झालं आणि जोड आडनावाच्या मुलाचं पाच शब्दांचं. एकाच रकान्यात ते लिहिताना रेघ नसेल, तर चौथा शब्द वडिलांच्या नावाचा भाग की आडनावाचा, हे सांगायला कोणीच उरत नाही. अशा मुलांच्या जन्मदाखल्यावरच आडनाव कोणत्या दोन शब्दांचं आणि कोणत्या क्रमाने, हे आईवडिलांनी नीट पाहून घ्यावं. शाळेत नाव त्या दाखल्यावरूनच जातं आणि पुढचे सगळे कागद शाळेच्या कागदावरून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)